ताईच्या लग्नात भावाने काय बोलावं: चेष्टा किती, आशीर्वाद कसा

प्रश्न: माझ्या मोठ्या ताईचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. सगळे म्हणतायत, तू दोन शब्द बोल. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, वय २४. थोडी चेष्टा करायची आहे आणि शेवटी आशीर्वादही द्यायचे आहेत. पण सासरच्या लोकांची अजून नीट ओळख नाही. काही चुकीचं बोललं गेलं तर? आणि मध्येच रडू आलं तर? काय बोलू, किती बोलू, कधी बोलू?

वय २४ लिहिलंस म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. सांगली-कोल्हापूरकडच्या लग्नांत गेली अठरा वर्षं मी निवेदन करतो. माईक दुसऱ्याच्या हातात दिला की माझ्या पोटात गोळा येतो, आणि सगळ्यांत मोठा गोळा येतो तो भावाच्या हातात देताना. नवरीची मैत्रीण फार तर लाजून गप्प बसते, काका फार तर लांबवतात. भावाला मात्र बहिणीचं सगळं माहीत असतं, आणि त्यातलं काय सांगू नये हे त्याला कुणी कधी शिकवलेलं नसतं.

घोळ कुठं होतो ते आधी सांगतो. आपल्या लग्नात चेष्टेची जागा वेगळी आणि आशीर्वादाची वेगळी. लाजाहोमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, ती कानपिळी म्हणजे चेष्टा. विहिणींनी एकमेकींना घातलेली गाणी, रुखवतावरचे टोमणे, नाव घ्यायला लावून केलेली अडवणूक, हीसुद्धा चेष्टाच. मंगलाष्टका, अक्षता, मोठ्यांच्या पाया पडणं हा सगळा आशीर्वादाचा भाग. दोन्ही एकाच माणसानं एकाच दमात करायची रीत आपल्याकडं नव्हती. तुला आता चार मिनिटांत दोन्ही करायचंय, म्हणून बहुतेक भाऊ काय करतात, तर आधी सहा विनोद सांगतात, मग आवाज जड करून मोबाईलवर आलेली बहिणीवरची कविता वाचतात. विनोद एका बहिणीचे आणि कविता कुठल्या तरी दुसऱ्याच बहिणीची, असं ऐकणाऱ्याला वाटतं.

माझं म्हणणं एवढंच, की चेष्टा आणि आशीर्वाद एकाच गोष्टीतून निघायला हवेत. एक आठवण किंवा एक वस्तू धर. तिच्यावरून आधी हसव आणि तिच्यावरूनच शेवटी आशीर्वाद माग. हे कसं जमतं ते एका मुलाचं पूर्ण भाषण देऊन दाखवतो. त्याआधी कधी बोलायचं आणि कशावर हसायचं, ते उरकू.

कधी बोलायचं हे लग्न कसलं आहे यावर आहे. हजार-दीड हजार माणसं, संध्याकाळचा गोरज मुहूर्त, स्टेजवर पुढाऱ्यांचे सत्कार आणि त्यांची आशीर्वादपर भाषणं, असं लग्न असेल तर तिथं तू तोंड उघडू नकोस. मुहूर्त आधीच टळलेला असतो, माणसं अक्षता हातात धरून घामाघूम झालेली असतात. त्यात 'आता वधूचे बंधू दोन शब्द' म्हटलं की लोक मनात शिव्या देतात, आणि त्या तुला लागतात. अशा लग्नात आदल्या दिवशी संध्याकाळी, घरची आणि पाहुण्यांकडची निवडक मंडळी असतात तेव्हा बोल. मात्र हळदीत डीजे लागायच्या आधी. एकदा डीजे लागला की तुझं ऐकणारा फक्त डीजेवालाच.

स्वागत समारंभातही बोलू नये असं माझं मत आहे. नवरा-नवरी स्टेजवर उभे, समोर पाकिटं घेऊन रांग, फोटोग्राफर एकेकाला ओढून उभं करतोय. तू बोलत असताना ताईचं लक्ष पुढच्या माणसाला नमस्कार करण्यात असतं. आणि पाठवणीच्या वेळी तर अजिबात नाही. तेव्हा शब्दांची गरज नसते, गाडीचं दार धरून उभं राहायला एक माणूस लागतो, तो तू हो.

दुपारचं लग्न असेल, कार्यालयात होम-सप्तपदी होणार असेल, तर सगळ्यांत उत्तम जागा म्हणजे नवरा-नवरीची पंगत. ही पंगत शेवटची असते, तीन-साडेतीनला. पाकीट देऊन निघणारे निघून गेलेले असतात. उरतात ती दोन्हीकडची चाळीस-पन्नास जवळची माणसं, आणि ती बसलेली असतात. नाव घेणं आणि घास भरवणं तिथं चालूच असतं, त्यामुळं कुणी उठून बोललं तर ते उपरं वाटत नाही. घास भरवून झाले, पहिली वाढप झाली, जिलबीचा आग्रह एकदा फिरून गेला की उभा राहा. भुकेल्या माणसाला तुझं काही पडलेलं नसतं, आणि मठ्ठा पिऊन झालेला माणूस हात धुवायला उठतो. मधली ती दहा मिनिटं तुझी. वाढप्यांच्या मुकादमाला आधी सांगून ठेव, 'मी उभा राहिलो की चार मिनिटं वाढप थांबवा.' नाहीतर तुझ्या सगळ्यांत हळव्या वाक्यावर स्टीलची बादली पडते. माझ्यासमोर पडलेली आहे.

आता चेष्टा. इथं मी माझीच चूक सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मी बोललो. तेव्हा निवेदनात नवीन होतो, हशा मिळाला की जिंकलो असं वाटायचं. मी म्हणालो, 'हिच्या हातचे कांदेपोहे सतरा जणांनी खाल्ले, पचवले ते आमच्या जावईबापूंनी.' हॉल हसला. बहीणही हसली. सहा वर्षांनी एकदा बोलता बोलता ती म्हणाली, 'दादा, त्या दिवशी रात्री आत्येसासूबाईंनी मला विचारलं, बाकी सोळा जणांनी का गं नकार दिला?' मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. खरं म्हणजे त्यातल्या निम्म्यांना तिनंच नकार दिला होता. पण माझ्या विनोदात तेवढं सांगायला जागाच नव्हती.

तेव्हापासून मी प्रत्येक विनोद एका चाळणीतून काढतो. हे वाक्य तीन महिन्यांनी, सासरच्या स्वयंपाकघरात, ताईच्या पाठीमागून कुणी म्हटलं तर कसं लागेल? 'ताई दहाशिवाय उठत नाही' हे हॉलमध्ये गोड आहे. तेच तीन महिन्यांनी सकाळी सात वाजता गॅसजवळ कुणी म्हटलं, 'हिचा भाऊ म्हणालाच होता,' की संपलं. तू हसून घरी येतोस, ते वाक्य मात्र तिच्याबरोबर नांदायला जातं. स्वयंपाक येत नाही, चिडकी आहे, खर्चिक आहे, रडूबाई आहे, हे सगळं या चाळणीत अडकतं. रंग, वजन, वय, आधीची स्थळं आणि कॉलेजातली प्रकरणं यांना तर चाळणीपर्यंतही आणू नकोस. आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य तुझा एखादा मित्र नक्की सुचवेल. ते ज्या मुलीबद्दल बोललं जातं तिचा चेहरा मी पाच-सहा वेळा जवळून पाहिलाय. ती त्याच दिवशी घर सोडून चाललेली असते. परत येता येईल का, हीच तिची धास्ती असते, आणि भाऊ माईकवरून सांगतो की येता येणार नाही.

सासरच्या माणसांची चेष्टा ओळख नसताना करू नये. दाजींची थोडी चालते, कारण कानपिळीनं तो हक्क तुला रीतसर दिलेला आहे. सासूबाईंची नाही, एका शब्दाचीही नाही. सगळ्यांत सुरक्षित चेष्टा स्वतःची. तू आळशी, तू खोटारडा, तू उधळ्या, आणि त्या सगळ्याला तोंड देत राहिली ती ताई. लोक तुझ्यावर हसतात आणि तिचं माप आपोआप वाढतं.

आता ते भाषण. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडं आला, तुझ्याच वयाचा, मोठी बहीण, लग्न इस्लामपूरच्या बाजूला. त्यानं लिहून आणलेलं वाचायला मी घड्याळ लावलं, नऊ मिनिटं लागली. आठ प्रसंग. ताई कशी भांडायची, ताईनं एकदा भात कसा करपवला, ताईला गाडी कशी येत नाही. शेवटी ती मोबाईलवरची कविता. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, 'ती तुझ्यावर शेवटची कधी चिडली? आणि कशावरून?' तो म्हणाला, 'उधारीवरून. तिच्याकडं वही आहे एक.' भाषण मिळालं.

मग पाऊण तास आम्ही फक्त त्या वहीबद्दल बोललो. कसली वही, पुठ्ठा कुठल्या रंगाचा, नोंदी कुठल्या, अक्षर कसं, बेरीज किती. हे विचारणं फार गरजेचं असतं. 'ताई हिशेबाला फार पक्की' म्हटलं तर कुणी हसत नाही. 'वडापाव, चार रुपये' म्हटलं की हसतात. शेवटी त्यानं पंगतीत जे म्हटलं ते जवळजवळ शब्दशः असं होतं:

'नमस्कार. मी नवरीचा धाकटा भाऊ. म्हणजे या घरातला सगळ्यात जुना कर्जदार.

ताईकडं एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी. मी पाचवीत असल्यापासून तिच्याकडनं जे पैसे घेतले ते तिनं यात लिहून ठेवलेत, तारखेसकट. ही बघा. "सायकल पंक्चर, ५ रुपये." "वडापाव, ४ रुपये. उद्या देतो म्हणाला." खाली दुसऱ्या दिवशीची नोंद, "दिले नाहीत." तिसऱ्या दिवशी, "विचारल्यावर पोटात दुखतंय म्हणाला."

दाजी, तुम्ही बँकेत आहात. एवढा पाठपुरावा तुमचा वसुली विभागपण करत नसेल.

परवा सामान बांधताना ही वही मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. एकूण बेरीज एक हजार तीनशे बेचाळीस रुपये. आणि मग लक्षात आलं, यात एक नोंदच नाही. ताईनं पहिल्या पगारातनं मोबाईल घेतला होता. तिसऱ्या दिवशी तो मी पाण्याच्या बादलीत पाडला. आईला तिनं सांगितलं, माझ्याच हातनं पडला. या वहीत चार रुपयांचा वडापाव आहे. मोबाईल नाही.

सकाळी होमाच्या वेळी ताईनं ओंजळ पुढं केली आणि मी तीत लाह्या घातल्या. तेव्हा वाटलं, आजवर हात पुढं करणारा कायम मीच होतो.

ताई, मी धाकटा. तुला आशीर्वाद द्यायचा मला अधिकार नाही. पण देवाकडं मागायला वय लागत नाही, म्हणून मागतो. नव्या घरात तुला कुणापुढं हिशेब द्यावा लागू नये. तू माझ्या चुका झाकल्यास, तशी तुझी एखादी चूक झाकणारं माणूस तिथंही असावं. आणि दाजी, तुम्हा दोघांत जे मोठं दिलं-घेतलं जाईल ते कधी वहीत न येवो. वडापाववरनं मात्र खुशाल भांडा.

सकाळी कान पिळल्याबद्दल दाजींनी मला पाकीट दिलं. त्यातनंच आज ही उधारी फेडतोय. हे घे ताई, अकराशे एक. राहिलेले... उद्या देतो.

दाजी, आता नाव घ्या.'

थांबत थांबत बोलून हे साडेतीन मिनिटांत झालं. माईकवर मिनिटाला साधारण शंभर-एकशेदहा शब्द जातात, हशा आणि थांबे धरून त्याहून कमी. म्हणून लिहिलेलं साडेतीनशेच्या आत ठेव. घरी मोठ्यानं वाचून चार मिनिटं झाली तर कार्यालयात पाच होतील.

यात काय कुठं ठेवलंय ते थोडं उलगडतो. पहिला विनोद त्याचा स्वतःवर आहे. 'कर्जदार' म्हटल्यावर सासरची मंडळी सैल झाली, कारण आता हा मुलगा कुणावर घसरणार नाही हे त्यांना कळलं. ताईला त्यानं कुठंही चिक्कू म्हटलेलं नाही. फक्त नोंदी वाचल्या. तीन महिन्यांनी सासूबाई म्हणाल्याच, तर 'सून हिशेबाला पक्की आहे' म्हणतील. ते चालतं.

वही खरी होती आणि त्यानं ती हातात धरून वाचली, याचा आणखी एक उपयोग झाला. थरथरणाऱ्या हाताला धरायला काहीतरी मिळालं, आणि नजर खाली घालायला निमित्त. नुसता मोठा कागद धरला की हाताची थरथर शेवटच्या ओळीपर्यंत दिसते. मोबाईलवरून तर वाचूच नकोस. एका भावाच्या भाषणात गॅस सिलिंडरवाल्याचा फोन आला होता.

आता मोबाईलच्या जागी आधी काय होतं ते ऐक, कारण खरा धडा मला तिथं मिळाला. त्या मुलाला सांगायचं होतं, की त्याची कॉलेजची फी एका वर्षी ताईनं भरली आणि ती वहीत लिहिली नाही. गोष्ट मोबाईलपेक्षा कितीतरी मोठी. मीही म्हटलं, हेच घे. तालमीत त्याच्या ओठांवर ते वाक्य आलं आणि माझ्या डोळ्यांपुढं त्याचे वडील आले. पंगतीत व्याह्यांच्या शेजारी बसलेले, नवा फेटा बांधलेले. मुलाची फी मुलीला भरावी लागली, हे त्यांनी व्याह्यांच्या शेजारी बसून ऐकायचं? भावाला वाटत होतं तो ताईचं कौतुक करतोय. ते होतंच, पण त्याची किंमत बाप मोजणार होता. चेष्टा जपून करायची हे सगळ्यांना कळतं. हळव्या आठवणीनंही तिसराच माणूस दुखावतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आजारपणात ताईनं सेवा केली, ताईनं शिक्षण सोडलं, ताईनं घर चालवलं, असं काही सांगायचं असेल तर स्वतःला विचार की त्या वेळी हे कुणी करायला हवं होतं, आणि तो माणूस समोर बसलाय का. बसला असेल तर एक तर आधी त्याला विचार, नाहीतर प्रसंग बदल. या मुलानं मोबाईल घेतला, कारण त्यात चूक फक्त त्याची होती. फीची गोष्ट त्यानं चिठ्ठीत लिहिली आणि चिठ्ठी वहीच्या शेवटच्या पानात ठेवली. ताईनं ती सासरी गेल्यावर वाचली असेल.

लाह्यांचं वाक्यही बघ. लाजाहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायचा मान भावाचा असतो. सकाळी सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं, पण भटजींच्या गडबडीत आणि धुरात कुणी त्याचा विचार केलेला नसतो. दुपारी पंगतीत त्याची आठवण काढली की ते चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढं पुन्हा येतं, तुला वर्णन करावं लागत नाही. तुमच्याकडं लाजाहोम होत नसेल तर हे वाक्य उसनं घेऊ नकोस. तुझ्या हातून त्या दिवशी जे खरंच होणार असेल ते घे. हळदीला तिच्या हातावर तू हळद लावशील, मांडवाचे खांब रोवशील, बांगड्या भरायला आलेल्या कासाराला चहा नेऊन देशील. पण ते त्या दिवशी घडलेलं हवं, म्हणून ही एक ओळ लिहिताना मोकळी सोड आणि जेवायच्या आधी भर.

आशीर्वादाबद्दल. तू धाकटा आहेस, म्हणून 'आशीर्वाद देतो' हे शब्द तोंडून काढू नकोस. पंगतीत दोन-चार आज्या असतातच, त्यांच्या कपाळावर आठी पडते. धाकट्यानं मागायचं असतं, देवाकडं नाहीतर वडीलधाऱ्यांकडं, आणि मग वाकून नमस्कार करायचा. तू थोरला असतास तर गोष्ट वेगळी होती, दोन अक्षता हातात घेऊन सरळ आशीर्वाद देता आला असता. मागणं दोनच, फार तर तीन वाक्यांचं कर आणि ते तुझ्याच गोष्टीतून निघू दे. 'सुखी राहा, समृद्धी लाभो, यशाची शिखरं गाठा' हे लग्नपत्रिकेवर छापून झालेलं आहे. वही असेल तर हिशेबाचं माग, तिनं तुला सायकल शिकवली असेल तर तोल जाताना मागून धरणाऱ्या हाताचं माग. आणि 'शुभमंगल सावधान' मधल्या 'सावधान'वर कोटी करायचा मोह आवर. ती कोटी भटजींनी सकाळीच केलेली असते.

शेवट हलका आहे, तो मुद्दाम. मागण्याच्या वाक्यानंतर ताईचे डोळे भरतात, आई पदर लावते, आणि अख्खी पंगत पानात बघत गप्प होते. तिथंच माईक ठेवलास तर त्या शांततेचं काय करायचं हे कुणाला कळत नाही. म्हणून सुरुवातीचाच विनोद शेवटी एकदा परत आणायचा, 'उद्या देतो', आणि लगेच दाजींना नाव घ्यायला लावायचं. नाव घ्यायचं म्हटलं की पंगतीला काय करायचं ते माहीत असतं, आरडाओरडा सुरू होतो आणि माणसं सुटतात. मात्र दाजींना आदल्या दिवशी कानात सांगून ठेव. उखाणा आठवत नसलेला नवरदेव तिथं अडकला की तुझं सगळं वाया जातं.

रडण्याचं. येईल, आणि येऊ दे. पण कुठल्या शब्दावर येणार ते आधी माहिती करून घे. भाषण तीन वेळा मोठ्यानं वाच. घसा जिथं दाटतो ती जागा तिन्ही वेळा एकच असते. त्या मुलाची जागा होती 'मोबाईल नाही'. म्हणून आम्ही ते वाक्य दोनच शब्दांचं ठेवलं. दाटलेल्या घशातून दोन शब्द निघतात, बारा निघत नाहीत. त्या वाक्याला आईकडं किंवा ताईकडं बघू नकोस, मामाकडं बघ. मामा सकाळपासून धावपळ करून थकलेला असतो आणि शांतपणे जिलबी खात असतो, त्याच्याकडं बघून रडू येत नाही. तरीही थांबलासच तर थांब. पाणी पी. 'सॉरी' म्हणू नकोस, पाठ फिरवू नकोस. तुला ते अर्धं मिनिट वाटतं, लोकांना ते चार-पाच सेकंद असतात, आणि त्यात कुणी कंटाळत नाही.

माईकचं एकच. जाळीवर मूठ आवळू नकोस, दांड्याला धर आणि तोंडापासून चार बोटं लांब ठेव. घाबरलेला माणूस बोलता बोलता माईक पोटापर्यंत नेतो, मग मागून 'आवाज' असा ओरडा होतो आणि गडी अजून घाबरतो. सनईची रेकॉर्ड बंद करायला साउंडवाल्याला आधीच सांग.

आता तू एवढं कर. भाषण लिहायला बसू नकोस. आज रात्री एका कागदावर ताईच्या पाच वस्तू लिही, ज्यांच्यावरून तुमचं भांडण झालंय. त्यातली एक अशी निघेल की जिच्यात ती तुझ्यावर चिडलीही होती आणि तिनं तुला वाचवलंही होतं. तीच घे. लिहून झालं की ताईला दाखवू नकोस, पण तिच्या सगळ्यांत जवळच्या मैत्रिणीला वाचून दाखव. करवली म्हणून मिरवणाऱ्या चुलतबहिणीला नाही, ती दुसऱ्या दिवशी सगळ्या घराला सांगेल. ताईला काय लागतं हे मैत्रिणीला तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. वाचताना ती कुठं हसली यापेक्षा हसता हसता कुठं थबकली ते बघ. तेवढी ओळ काढून टाक, तुला कितीही आवडली असली तरी.